पुठ्ठ्यावरून केसपेपरवर: सीएनएस सुबक कसं लिहावं

रात्रपाळी संपत आली आहे. नऊ वाजता सर राउंडला येणार आहेत, आणि रात्री आलेल्या पेशंटचं ‘सीएनएस’ तुमच्याकडे ग्लव्हजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर खरडलेलं आहे. त्यात पापणीनंतर उलटी, उलटीनंतर मान, मानेनंतर पाय, असा सगळा गोपाळकाला. सरांना मात्र क्रम लागतो. आधी मानसिक अवस्था, मग क्रेनियल नर्व्ह, मग मोटर, सेन्सरी, रिफ्लेक्स आणि शेवटी कोऑर्डिनेशन. तुमचे डोळे चुरचुरताहेत, चहा मिळालेला नाही. मला तुमची दया येते, म्हणून हे चार शब्द. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मी नोकरीभर केसपेपर लिहिले. त्यातले काही इतके सुबक उतरले की त्यांत पेशंट ओळखू येत नसे.

साहित्य: निळं पेन, मथळ्यांसाठी लाल पेन, पट्टी, आणि शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा केसपेपर, ज्यात सीएनएस आधीच कुणीतरी छान लिहून ठेवलं आहे. हॅमर, कापूस, टॉर्च मिळाले तर उत्तम, पण त्यांच्यावाचून अडून बसू नये.

सरावासाठी एक पुठ्ठा देतो. मी इंटर्न असताना पावसाळ्यातल्या एका दुपारी तो पेशंटबरोबरच ॲम्ब्युलन्समधून उतरला. पेशंट एटापल्लीकडचा, तिशीतला, दिवसभर रोवणी करून रात्री घरात जमिनीवर झोपलेला. तिकडच्या लहान दवाखान्यातला डॉक्टर पहाटेपासून त्याच्या उशाशी बसून होता आणि दिसेल तसं लिहीत होता:

पहाटे ३ – पोटात कळ, दोन उलट्या. चावल्याची खूण सापडत नाही.
५.१० – स्वतः चालत आला. सगळं नीट सांगतो.
५.२५ – पापण्या जड. एकाचे दोन दिसतात.
५.३० – सापाचं औषध १० बाटल्या सुरू. वीस मिनिटांची चाचणी: रक्त गोठलं.
५.४० – एका दमात २२.
६.०० – एका दमात १४. आवाज नाकातून. थुंकी गिळवत नाही.
६.१५ – उशीवरून मान उचलत नाही. हात ४, पाय ४.
६.३० – एका दमात ८. पापण्या पूर्ण बंद.
६.५० – नळी टाकली. ॲम्बू सुरू.

अक्षर भयंकर. क्रमाचा पत्ता नाही. चला, सुधारू या.

१. आधी वेळा खोडा. सहा रकान्यांत घड्याळाला जागा नाही. ‘एका दमात २२’, ‘१४’, ‘८’ अशी तीन-तीन उत्तरं ठेवलीत तर सर विचारतील, नक्की कोणतं खरं? पेशंटला एक मोठा श्वास घ्यायला सांगून तो सोडता सोडता मोठ्याने आकडे मोजायला लावतात, त्याचा हा हिशेब आहे. धडधाकट माणूस सहज तिशी ओलांडतो. पन्नास मिनिटांत बावीसवरून आठवर आलेला माणूस थोड्याच वेळात श्वास घेणं थांबवणार, हे त्या तीन आकड्यांतून दिसतं, आणि नुसत्या आठमधून दिसत नाही. पण तुम्हाला सुबक प्रत काढायची आहे. एकच आकडा ठेवा, किंवा तोही नको. तो कुठल्या रकान्यात जातो हे तरी कुठे ठरलंय?

२. मानसिक अवस्था. साध्या पेशंटसाठी ठरलेलं वाक्य आहे: ‘शुद्धीवर, स्थळ-काळ-व्यक्तीचं भान आहे.’ पेशंटशी बोलण्याआधीच लिहून टाकता येतं. बोलायचंच असेल तर भामरागडच्या माडिया आजीला शुद्ध मराठीत आजची तारीख विचारा आणि शंभरातून सात वजा करायला लावा. ती गप्प राहिली की ‘भान नाही’ लिहा. मोहाची फुलं कधी गळायला लागली, बाजाराचा दिवस किती दिवसांवर आहे, हे तिला पक्कं माहीत असतं, पण ते रकान्यात विचारलेलं नाही. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३च्या सुमारास हेमलकशाला गेले तेव्हा आधी माडिया शिकले. आपल्याला राउंडच्या आत उरकायचं असतं. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी. भाषा बदलली की पेशंट ‘बोलत नाही’ या सदरात टाकावा. वाचा गेल्याची नोंद याहून सोप्या रीतीने होत नाही.

आपल्या सरावाच्या पेशंटला ग्लासगो स्केल लावा. हे १९७४ साली ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी, टीसडेल आणि जेनेट यांनी काढलं. डोळे उघडतो का, बोलतो का, हालचाल करतो का, तिन्हींचे गुण मिळवायचे. इथे डोळे उघडत नाहीत, एक गुण. बोलत नाही, एक. चिमटा काढला तर हात हलत नाही, एक. बेरीज ३. मेलेल्या माणसालाही तीनच मिळतात, हा विनोद तुम्ही हॉस्टेलवर ऐकलाच असेल. आता पापणी उचलणारा स्नायूच बंद पडला आहे, तोंडात नळी आहे आणि हातापायांच्या स्नायूंपर्यंत निरोप पोचत नाही, म्हणजे तिन्ही गुण मेंदूशी संबंध नसलेल्या कारणांनी गेलेत, असा विचार मनात येऊ देऊ नका. विचाराने हस्ताक्षर बिघडतं. लिहा: ‘बेशुद्ध, जीसीएस ३.’

३. क्रेनियल नर्व्ह. या बारा आहेत. पहिली वासाची, ती कुणी तपासत नाही, कारण वॉर्डात एकच वास असतो. बाकी अकरांसाठी ‘२ ते १२ नॉर्मल’ एवढं पुरतं. या चार शब्दांत अकरा नसा, दोन डोळे, जीभ, घसा, चेहरा आणि कान बसतात. काटकसर म्हणतात ती ही.

पण आपला पेशंट इथे जरा अडचणीचा आहे. मण्यार चावली की दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूण बहुतेक वेळा सापडतही नाही. माणूस पहाटे पोट धरून उठतो आणि घरचे ॲसिडिटीची गोळी देतात. घोणसाच्या विषात रक्त गोठायचं थांबतं. मण्यारीत ते गोठतं, म्हणून वीस मिनिटांची चाचणी नॉर्मल आली की नवा डॉक्टर निश्चिंत होतो. हे विष मेंदूत शिरत नाही. नस जिथे स्नायूला भेटते ते टोक ते निकामी करतं, आणि सुरुवात वरून करतं: पापण्या, मग डोळ्यांचे स्नायू, मग जबडा आणि घसा, मग मान, मग श्वासाचा पडदा, हातपाय साधारण मागाहून. म्हणजे विषाला आपल्या क्रमाची बरीच कल्पना आहे. पुठ्ठा वरून खाली वाचा, ते कुठपर्यंत उतरलं हे कळत जातं. म्हणूनच तो आधी नजरेआड करा.

मग टॉर्च मारा. बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला हलत नाहीत. डोकं डावी-उजवीकडे फिरवा, डोळे जागचे हलत नाहीत. पुस्तकात ही ब्रेनस्टेम गेल्याची लक्षणं म्हणून दिलेली आहेत, तशीच उतरवून घ्या. मण्यारीच्या विषाने डोळ्यांचे स्नायू आणि बाहुल्यासुद्धा अशाच जखडतात, आणि माणूस आतून जागा असू शकतो, हे पुस्तकाच्या दुसऱ्या धड्यात येतं. तुम्ही अजून पहिल्यात आहात.

आता मान. उशीवरून डोकं उचलता येत नाही ही श्वास जाण्याची आगाऊ सूचना असते. पण मान उचलणं क्रेनियलमध्ये तपासत नाहीत आणि मान म्हणजे हातपायही नव्हे. मोटरमध्ये ती असायला हवी, पण तिथे सगळे खांद्यापासून सुरुवात करतात. आणि श्वास? तो ‘आरएस’मध्ये, वेगळ्या पानावर. तिथे स्टेथोस्कोप लावून ‘हवा दोन्हीकडे समान’ असं लिहिलेलं असतं, जे ॲम्बू दाबत असताना खरंही असतं. या रोगात पेशंट ज्याने मरतो त्या दोन्ही गोष्टी दोन रकान्यांच्या फटीत पडतात. तुमच्यावर ठपका येत नाही. क्रम पाळलात ना?

४. मोटर. ताकदीला ० ते ५ गुण द्यायचे. नुसता फडफडणारा स्नायू १, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हात उचलला तर ३, पूर्ण जोर ५. चार हा आकडा फार सोयीचा. जोर थोडा कमी असो की अगदीच कमी असो, चारमध्ये सगळं खपतं. आपल्या पेशंटला आता शून्य द्या. पहाटे सव्वासहाला चार होते हे तुम्ही खोडलंच आहे.

५. सेन्सरी. इथे नुसतं ‘इन्टॅक्ट’. सुई आणि कापूस घेऊन अंगभर फिरायला वीस मिनिटं लागतात आणि पेशंट कंटाळून सगळ्याला ‘हो’ म्हणायला लागतो. चुलीवरून पातेलं उतरवताना बोटं भाजली आणि कळलंच नाही, असं सांगणारी बाई समोर बसली असली तरी ‘इन्टॅक्ट’च. आनंदवन ज्या जिल्ह्यात आहे तिथे कुष्ठरोगाची शंका घेणं जुनाट वाटतं. शिवाय त्यातली बधिरता चट्ट्याचट्ट्यांची असते, पुस्तकातल्या पट्ट्यांच्या चित्रात बसत नाही, चित्र खराब होतं.

६. रिफ्लेक्स. गुडघ्याचा झटका वेस्टफाल आणि एर्ब या दोघांनी एकाच वर्षी, १८७५ साली, वेगवेगळा छापला. दोघांनी तो आधी प्रत्यक्ष ठोकून पाहिला होता. तुम्हाला तेवढ्या मागे जायची गरज नाही. काडीचा माणूस काढा, कोपरं, मनगटं, गुडघे, घोटे यांवर अधिकचं चिन्ह दोन-दोनदा द्या आणि तळव्यांवर खाली जाणारा बाण. चित्र पाहून सर खूश होतात. ढिल्या पडलेल्या पायाचा गुडघा ठोकला तरी काहीच होत नाही, हे चित्रात वाईट दिसतं. म्हणून ठोकू नये.

७. कोऑर्डिनेशन. कागदाच्या तळाशी येतं, तोवर हात दुखायला लागलेला असतो. ‘बोट-नाक चाचणी नॉर्मल’ लिहून खाली सही ठोका. चाल पाहायला पेशंटला खाटेवरून उतरवावं लागतं, त्यामुळे ती आपण सोडून देतो, आणि सहा रकान्यांत तिला स्वतःचं घरही नाही. पूर्व विदर्भात धानामागून लाखोडी पेरतात. टंचाईत महिनोन्महिने मुख्यतः तीच डाळ पोटात गेली की पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर, पायात पाय अडकवत, काठी टेकत येतो. दारातून आत येतानाच निदान होतं. खाटेवर निजवून तपासलात तर मन ठीक, बारा नसा ठीक, संवेदना ठीक. म्हणून केसपेपर लिहिणाऱ्याने दाराकडे पाठ करून बसावं.

झाली प्रत तयार. मी त्या दुपारी काढलेली ही, जशीच्या तशी आठवते:

मानसिक अवस्था: बेशुद्ध, जीसीएस ३.
क्रेनियल नर्व्ह: बाहुल्या मोठ्या, प्रकाशाला प्रतिसाद नाही. बाकी नॉर्मल.
मोटर: चारी हातपायांत ०.
सेन्सरी: इन्टॅक्ट.
रिफ्लेक्स: सगळीकडे दोन अधिक.
कोऑर्डिनेशन: बोट-नाक नॉर्मल.

लाल मथळे, एकही खाडाखोड नाही. बेशुद्ध माणूस टाचणी टोचल्याचं अचूक सांगतो, आणि ज्याच्या हातात शून्य ताकद आहे तो बोट नेमकं नाकावर नेतो, हे वाचून कुणाच्याही भुवया उंचावल्या नाहीत. संध्याकाळच्या राउंडला पहिल्या दोन ओळी वाचल्या गेल्या आणि नातेवाइकांना कल्पना द्यायला मला सांगण्यात आलं. मी त्याच्या भावाला खाटेशेजारीच उभं करून म्हटलं, “मेंदू काम करत नाही. ह्याचं काही खरं नाही, भाऊ.”

चुकूनही कशी प्रत काढू नये तेही पाहून ठेवा. क्रम तोच, फक्त अशी:

मानसिक अवस्था: ५.१० ला पूर्ण शुद्धीवर, स्वतः हकीकत सांगितली. आता पापण्या बंद, नळी, हातपाय ढिले, त्यामुळे जीसीएस लागू नाही. पापणी हाताने उचलून, त्याच्या भाषेत, पायाचा अंगठा हलवायला सांगणे.
क्रेनियल नर्व्ह: ५.२५ पापण्या जड, दोन प्रतिमा; ६.०० घसा, ६.३० पापण्या पूर्ण बंद. बाहुल्या मोठ्या, स्थिर. विषाने होऊ शकतं, यावरून मेंदूबद्दल मत देऊ नये.
मोटर: ६.१५ मान उचलत नाही, हातपाय ४. आता ०. एका दमात: ५.४० ला २२, ६.०० ला १४, ६.३० ला ८.
सेन्सरी: तपासता येत नाही. आधीच्या दवाखान्यात तपासल्याची नोंद नाही.
रिफ्लेक्स: ठोकले, येत नाहीत. तळवे: हालचाल नाही.
कोऑर्डिनेशन: ताकद नसल्याने तपासता येत नाही.

बघा, काय अवतार आहे. दोनदा ‘तपासता येत नाही’, वेळांची गर्दी, आणि एकदाही ‘नॉर्मल’ नाही. लिहिणाऱ्याने काय पाहिलं आणि काय नाही पाहिलं, दोन्ही उघडं पडतं. शिवाय रात्री दुसरा डॉक्टर आला तर त्याला या कागदावरून कळतं की वाट पाहायची आहे. सापाचं औषध अंगात मोकळं फिरणारं विष धरतं, पण निकामी झालेली टोकं दुरुस्त करत नाही. ती पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. नळी लवकर काढली नाही आणि कुणी घाईने ‘काही खरं नाही’ ठरवलं नाही, तर बहुतेक माणूस होता तसा उठतो.

त्या संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टर त्याचे डोळे पुसत होत्या. मूळच्या भामरागडकडच्या. पापणी बोटाने वर धरून त्या माडियात काहीतरी बोलल्या, मग मला हाक मारली. “डॉक्टर, अंगठा बघा.” डाव्या पायाचा अंगठा हलत होता. फार नाही, ज्वारीचा दाणा चिमटीत फिरवावा एवढा. त्यांनी पुन्हा सांगितलं, पुन्हा हलला. मी केसपेपर फाडला आणि पुठ्ठा शोधायला लागलो. तो कचऱ्याच्या बादलीत सापडला.

सातव्या दिवशी नळी काढली. आठव्या दिवशी आवाज आला. सिस्टरनी मराठी करून सांगितलं: सगळं ऐकू येत होतं, भावाला मी काय सांगितलं तेसुद्धा. आणि पहाटे आकडे मोजताना आठवर थांबलो ते पुढचे येत नव्हते म्हणून नाही, दम संपला म्हणून. मग त्याने एक श्वास घेतला आणि आम्हा दोघांसमोर नऊपासून एकतीसपर्यंत मोजून दाखवलं.